पर्मनंट नोकरी, रेशीम आणि न जुळलेला हिशेब

प्रश्न: मी ३७ वर्षांचा आहे. वाळूजच्या एका कंपनीत १२ वर्षांपासून पर्मनंट. गाव अंबड तालुक्यात, वडिलांची तीन एकर जमीन आणि विहीर आहे. रेशीम शेती करावी असं फार दिवसांपासून मनात आहे. वडील म्हणतात ये, बायको म्हणते नको. तुम्ही नोकरी सोडून हेच केलंत. पश्चात्ताप होतो का? खरं सांगा, नोकरी सोडू का?

उत्तर:

रेशमाच्या कोषाला किलोमागे दर ६०० च्या वर असला की होत नाही, ३०० वर आला की होतो. थट्टा करत नाही. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं पक्कं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि कुणी पक्कं सांगायला लागला तर त्याच्या शेडवर जाऊन दोन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या बघायला मागा.

मीही वाळूजलाच होतो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, मशीन शॉपला. २०१७ च्या दिवाळीचा बोनस घेतला आणि राजीनामा दिला. तेव्हा हातात २९ हजार पडत होते. शहरातलं भाडं, पोराच्या शाळेची रिक्षा, विकतचं दूध, भाजी असा गावात न लागणारा खर्च महिन्याला नऊ-साडेनऊ हजार होता. म्हणजे गावाकडे राहून साडेएकोणीस हजार सुटले तर बरोबरी, असं गणित मी घातलं होतं. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आधी एका चांगल्या बॅचचा हिशेब मांडतो. पेपरात येतं ते "एकरी लाखोंची उलाढाल" असं येतं. उलाढाल म्हणजे पट्टीवरचा आकडा, त्यातून काय काय वजा होतं ते बातमीत नसतं.

माझी दोन एकर तुती आहे, व्ही-१ जातीची. लागवड जोडओळीची, पाच बाय तीन बाय दोन फुटांवर, म्हणजे एकरात साधारण साडेपाच हजार झाडं. एका वेळी एका एकराचा पाला वापरतो, दुसरा एकर तोवर फुटत असतो. एका बॅचला २०० अंडीपुंज घेतो. एका पुंजातून चारशे-साडेचारशे अळ्या धरल्या तर शेडमध्ये ऐंशी-नव्वद हजार जीव असतात. अंडी उबवून कोवळ्या अळ्या वाढवणाऱ्या चॉकीवाल्याकडून मी अळ्या दुसरी कात टाकल्यावर आणतो. तिथून पुढं कोष काढेपर्यंत पंचवीस-सव्वीस दिवस.

बॅच चांगली गेली तर १०० अंडीपुंजांना ७० किलो कोष, म्हणजे माझे १४०. दर ४५० धरला तर ६३ हजार. आता खर्च. चॉकीचे सहा हजार. चुना, ब्लीचिंग पावडर, निर्जंतुकीकरणाची औषधं, कागद मिळून अडीच हजार. शेवटच्या आठवड्यात फांद्या तोडायला आणि कोष काढायला बाहेरची माणसं लागतात, त्यांचे आठ हजार. तुतीची छाटणी, शेणखत, खत, खुरपणी यांचा त्या बॅचच्या वाट्याला येणारा खर्च सहा हजार. गाडीभाडं आणि बाजारातला खर्च दीड हजार. झाले २४ हजार. राहिले ३९.

आकडा दिसायला छान आहे. पण त्या पंचवीस दिवसांत मी आणि घरची, दोघंही शेडमध्ये असतो. दोघांची मजुरी रोज ३५० प्रमाणे धरली तर साडेसतरा हजार होतात. ते वजा केले की उरतात साडेएकवीस. शेड, रॅक आणि जाळी मिळून माझे चार लाखांच्या वर गेले, त्याची झीज यात धरलेलीच नाही. आणि दर ४५० ऐवजी ३०० मिळाला तर पट्टी ४२ हजारांची, खर्च गेल्यावर १८ हजार, दोघांची मजुरी गेल्यावर पाचशे रुपये. म्हणजे बॅच उत्तम पिकवूनही आपण आपल्याच शेडवर रोजंदारीनं गेलो, एवढंच.

आता वर्ष. दोन एकरांत आलटून पालटून मला सात बॅच बसतात. त्यातल्या चार चांगल्या, दोन मध्यम, एक फसलेली, असं मी धरतो. मध्यम म्हणजे १०० किलो, तेही थोडे हलके, दर ४००, हातात १७ हजार. फसलेली म्हणजे उलट बारा हजार खिशातून. बेरीज केली तर वर्षाला १ लाख ७८ हजार. महिन्याला १४,८०० च्या आसपास. दर वर गेलेल्या वर्षी, चांगल्या मालाला ६५० आणि मध्यमला ५५० धरून हेच गणित ३ लाख २० हजारांवर जातं, महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या थोडं वर.

बरोबरीचा आकडा साडेएकोणीस होता. म्हणजे साध्या वर्षी मी हरतो, चांगल्या वर्षी जिंकतो. पण ती बरोबरी एका माणसाच्या पगाराशी होती आणि इथं राबतात दोघं. नोकरी मी सोडली, कामावर मात्र ती रुजू झाली. शहरात ती शिवणकाम करायची, चार पैसे स्वतःचे मिळवायची, दुपारी दोन तास झोपायची. आता बॅच असली की पहाटे पाचला फांद्या तोडायला माझ्याबरोबर असते. वहिनी नको म्हणत असतील तर त्या धास्तीनं म्हणतात असं समजू नका. काम कुणाच्या अंगावर पडणार ते त्यांना तुमच्याआधी दिसलेलं असू शकतं.

दुसरी एक गोष्ट मला अजून सुटत नाही. तुलना २०१७ च्या पगाराशी करायची की आजच्या? माझ्यानंतर कंपनीत युनियनचे दोन करार झाले. माझ्याबरोबर लागलेले काहीजण आज ४५ हजारांच्या पुढं घेतात. त्यांच्याकडे बघितलं तर मी सरळ तोट्यात आहे. पण मी ज्या लाइनवर होतो ती लाइनच पुढं बंद झाली. काहींना व्हीआरएस दिली, काहींना पुण्याकडे पाठवलं, काहींना दुसऱ्या खात्यात सामावून घेतलं. मी राहिलो असतो तर या तिघांपैकी कुठल्या यादीत असतो? हे मला कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. माझ्या हिशेबाची एक बाजू कायमची कोरी आहे ती अशी.

बरं, हे झालं पैशाचं. रेशमात नोकरी सोडण्याचा खरा परिणाम दुसरीकडे दिसतो, आणि तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते तेवढंच. एक फसलेली बॅच तपशिलात सांगतो म्हणजे कळेल.

भाद्रपदातली गोष्ट. आमच्या बांधाला लागून चुलत भावाची कपाशी. बॅच पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत, तिसरा दिवस. या अवस्थेत अळी तिच्या सगळ्या आयुष्यातला ऐंशी टक्के पाला खाते. २०० अंडीपुंजांना रोज अडीच-पावणेतीन क्विंटल पाला लागतो, फांद्यांचं वजन वेगळं. सकाळी पाला टाकला आणि चहा प्यायला घरी आलो. परत गेलो तेव्हा डाव्या हाताच्या रॅकवर अळ्या पाल्यावर नव्हत्या. माना वर करून इकडून तिकडं हलवत होत्या. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. अंग आखडलेलं, हाताला रबरासारखं लागत होतं. उजवीकडच्या रॅकवर मात्र खाणं नेहमीसारखं चालू.

नवीन माणूस इथं गोंधळतो आणि रोग समजून औषध शोधत बसतो. ओळखायचं असं. ग्रासरी असेल तर अळी फुगते, पेरापेरांत सुजल्यासारखी होते, पिवळट पडते, रॅकच्या कडेकडेनं फिरत राहते आणि कातडी फुटली की दुधासारखं पाणी निघतं. ती पसरायला दिवस घेते, आज चार, उद्या चाळीस. फ्लॅचरीत अळी सुस्त, लिबलिबीत होते, उष्णतेनं किंवा ओल्या, शिळ्या पाल्यानं येते, तीही एका तासात येत नाही. मस्कार्डिनमध्ये मेलेली अळी कडक होऊन खडूसारखी पांढरी पडते. आणि सकाळी धडधाकट असलेल्या अळ्या पाला टाकल्यावर तासा-दोन तासांत एकदम माना टाकायला लागल्या, त्याही एकाच ढिगातला पाला गेलेल्या रॅकवर, तर ते विष असतं. डाव्या रॅकला बांधाकडच्या ओळींचा पाला गेला होता. चुलत भावानं आदल्या दिवशी कपाशीवर बोंडअळीची फवारणी केली होती आणि वारं आमच्याकडे होतं.

त्याची चूक म्हणायची तर काय म्हणणार? कपाशी त्याची, बोंडअळी त्याची, वेळ सकाळची की दुपारची हे तो त्याच्या सोयीनं बघणार. कपाशीवरची अळी मारायचं औषध रेशमाच्या अळीला कसं ओळखणार? आम्ही तो पाला काढून टाकला, दारं-खिडक्या उघडल्या, दुसऱ्या बाजूचा पाला दिला. जगल्या त्यांनी कोष बांधले, पण पातळ. सगळे मिळून पन्नास किलोंच्या आत कोष निघाले आणि त्यातही पोचट बरेच.

तेव्हापासून बांधाकडच्या चार ओळी मी बॅचला वापरत नाही. शंका आली की त्या बाजूचा पाला आधी पंचवीस-तीस अळ्यांना वेगळ्या ट्रेमध्ये देतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. नव्या अळीनाशकांपैकी क्लोरअँट्रानिलीप्रोलसारख्यांचा अंश पाल्यावर कित्येक आठवडे राहतो, म्हणून "फवारून आठ दिवस झाले की" असला हिशेब चालत नाही. चुलत भाऊ आता फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करतो, विसरला नाही तर.

पण मला सांगायचंय ते यानंतरचं. बॅच गेली तेव्हा पुढची बॅच निघायला अजून दीड महिना होता. घरात शाळेची फी, किराणा दुकानदाराची वही आणि गटाचा हप्ता. अशा वेळी डोकं कसं चालतं ते बघा. पुढची चॉकी बुक करताना मन म्हणतं, या वेळी २०० नको, २६० घे, मागचं भरून निघेल. पाला तेवढाच आहे हे आपल्याला माहीत असतं. तिसऱ्या, चौथ्या अवस्थेत काही जाणवत नाही, कारण तेव्हा अळी खातेच किती? पाचव्या अवस्थेच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पाला संपतो. मग कोवळा तोडायचा, जून तोडायचा, शेजारच्या गावातून विकत आणायचा. अळ्या अर्धपोटी कोषावर जातात आणि कोषाचं कवच पातळ होतं. आमच्या भागात असे कितीतरी शेड मी बघितलेत. पुंज वाढले, किलो वाढले नाहीत, दर मात्र पडला.

दुसरी जागा कोष काढणीची. अळी पिकली की अंग पिवळसर, थोडं आरपार दिसायला लागतं, खाणं सोडून ती मान वर करते. मग तिला कोष बांधायच्या जाळीवर, म्हणजे चंद्रिकेवर टाकायचं. कोष दोन-तीन दिवसांत बांधून होतो, पण आत अळीचा पूर्ण किडा व्हायला, त्याचं अंग कडक, तपकिरी व्हायला आणखी वेळ लागतो. आम्ही सहाव्या-सातव्या दिवशी काढतो. काढायच्या आधी पाच-सात कोष कापून बघायचे, आतला किडा अजून पांढरा, मऊ असेल तर हात लावायचा नाही. कानाशी धरून हलवला की पक्का कोष खुळखुळतो. चौथ्या-पाचव्या दिवशी काढला तर आतला किडा पोत्यात दबून फुटतो, कोषाला आतून डाग पडतो आणि लिलावात व्यापारी मूठभर कोष कापून बघतो तेव्हा सगळ्या लॉटचा दर खाली येतो. हे प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सांगतात. तरीही माणसं चौथ्या दिवशी काढतात, कारण सोमवारी हप्ता असतो आणि रविवारी बाजार नसतो.

पगार असताना यातलं काहीच होत नाही. पाला बघून पुंज घेता येतात, कोष बघून काढणी होते. पगार गेला की पाल्याच्या जागी देणी बघितली जातात. नोकरी सोडू का, याचं माझ्याकडे कुठलं माप असेल तर ते हे: तुमची एक बॅच पूर्ण गेली, आणि तरीही पुढच्या बॅचचे पुंज तुम्ही फक्त पाला बघून ठरवू शकता का? ठरवू शकत असाल तर सोडायला हरकत नाही.

यात एक गोम आहे. हे माप मी आज सांगतोय. २०१७ मध्ये ते मी स्वतःला लावलं असतं तर मी नोकरी सोडलीच नसती. हाताशी चार महिन्यांचा खर्च होता, त्याच्या पलीकडे काही नव्हतं. तरी सोडली, आणि आज शेड उभं आहे. ते माझ्या अंदाजामुळे उभं राहिलं की दरामुळे, हे मला सांगता येत नाही. क्रम बघा. मी आलो तेव्हा माल कर्नाटकात रामनगरला न्यावा लागायचा. हजारेक किलोमीटर, चार जणांनी मिळून गाडी करायची. २०१८ मध्ये जालन्याला कोषांचा बाजार सुरू झाला, वाहतूक वाचली. त्याच वर्षी दुष्काळ पडला, विहीर आटली, उन्हाळ्यापर्यंत तुती वाळल्यासारखी झाली. तुती चिवट, पाऊस पडल्यावर पुन्हा फुटली, पण मधले महिने शेड रिकामं. मग २०२० चा लॉकडाऊन, बाजार बंद, दर २०० च्या आसपास. त्या उन्हाळ्यात मी जुन्या सुपरवायझरला दोनदा फोन लावला, कंत्राटी का होईना घेतात का म्हणून. कंपनीच बंद होती तेव्हा. २०२१ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचं आयात शुल्क १० वरून १५ टक्के झालं, पुढं मागणी वाढली, आणि त्या वर्षाच्या शेवटी दर ७०० च्या पुढं गेला. त्या दोन हंगामांत माझं सोनं सुटलं.

आता यात मी काय केलं? अळ्या नीट सांभाळल्या, एवढंच माझं. बाजार जालन्याला आला, शुल्क वाढलं, दर चढला, यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. माझ्याबरोबर तुती लावलेल्या आमच्या गावातल्या दोघांनी २०२० मध्येच ट्रॅक्टर घालून तुती काढली आणि सोयाबीन पेरलं. ते माझ्यापेक्षा कमी कष्टाळू नव्हते, त्यातला एक तर अळीच्या बाबतीत माझ्याहून हुशार होता. त्याच्याकडे आणखी आठ महिने थांबण्याइतके पैसे नव्हते. माझ्याकडे होते, कारण सासऱ्यांनी दिले. लोक मला जिद्दी म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही.

आता तुमच्या बाजूचं बघू. १२ वर्षं झालीत ही चांगली गोष्ट आहे, कारण १० वर्षांच्या पुढं पीएफच्या पेन्शनचा हक्क पक्का होतो. पेन्शनसाठी धरला जाणारा पगार १५ हजारांपर्यंतच असतो, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० नं भागायचं. तुमचं येतं महिना अडीच हजारांच्या आतबाहेर, तेही वयाच्या ५८ व्या वर्षी. सोडताना योजना प्रमाणपत्र तेवढं आठवणीनं मागा. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २० हजार असेल तर २० हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले १२, म्हणजे १ लाख ३८ हजारांच्या आसपास. एवढ्यात आज शेड उभं राहत नाही. बाकी पैसा पीएफचा, आणि माझं मत विचाराल तर त्याला हात न लावता जमत असेल तरच हे करा. सरकारी योजनेतून तुती आणि शेडला मदत मिळते, जॉब कार्ड काढा, जिल्हा रेशीम कार्यालयात नोंदणी करा. पण मस्टर आणि बिलं आपल्या गरजेच्या तारखेला निघत नाहीत, म्हणून घरखर्चाच्या हिशेबात तो पैसा धरू नका.

दोन कामं मात्र राजीनाम्याच्या आधीच करा. कर्ज काढायचं असेल तर पगाराची स्लिप असतानाच काढा. नंतर त्याच बँकेत त्याच साहेबासमोर तुम्ही दुसरे कुणीतरी असता. आणि घरच्यांचा आरोग्य विमा स्वतःच्या नावानं घ्या. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या विम्यात आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वडिलांना शुगर किंवा बीपी असेल तर ही तीन वर्षं पगार चालू असताना गेलेली बरी.

तुम्हाला तीन एकर आणि विहीर आहे, वडील शेतावर आहेत. मग एक एकर तुती या पावसाळ्यात लावा आणि नोकरी चालू ठेवा. लागवडीनंतर पहिली बॅच घ्यायला चार-पाच महिने लागतात, तोवर तुम्हाला तसंही काही काम नाही. पहिली बॅच १०० पुंजांचीच. पाचव्या अवस्थेचे आठ दिवस आणि काढणीचे दोन, एवढी रजा टाका आणि स्वतः शेडमध्ये राहा. वहिनींनाही आणा, पण मदतीला म्हणून नको, बघायला म्हणून. अशा करून एक पावसाळ्यातली, एक थंडीतली आणि एक मार्चची बॅच बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याखाली चाळीसच्या वर जातं आणि अळीला हवं असतं २४ ते २८. ओली पोती, फॉगर, शेडनेट लावून काहीजण काढतात, मी त्या दोन महिन्यांत बॅच घेत नाही. म्हणजे तुमचं वर्ष दहा महिन्यांचं आहे आणि किराणा बारा महिन्यांचा, हे आधीच धरून चला.

या तीन बॅचमध्ये एक तरी बिघडो असं मी म्हणेन, वाईट वाटून घेऊ नका. तिन्ही चांगल्या गेल्या तर तुम्हाला काहीच कळलेलं नसेल आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी राजीनामा द्याल.

माझा मुलगा यंदा आयटीआय करून वाळूजलाच अप्रेंटिस लागला. फॉर्म भरायला मीच पाठवलं होतं. त्याला शेडचं सगळं काम येतं, कोष बघून दर सांगतो तो. तरी रोज रात्री फोनवर मी त्याला एकच विचारतो, पुढं घेणार आहेत का रे? आणि घरची पलीकडून म्हणते, त्याला विचारताय तर स्वतः का सोडली होती? अजून तरी तिला पटेल असं उत्तर मला देता आलेलं नाही. तुम्ही शेडवर या, शक्यतो बॅच पाचव्या अवस्थेत असताना, आणि आधी तिच्याशी बोला. आकडे मी दिलेत, बाकीचं ती सांगेल.